मोबाईलवरचे चेहरे : लांब गेलेल्या माणसाशी बोलताना इमोजी कसे वापरायचे

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या ताईंनी मागणी केली म्हणून छापत आहोत.)



आज हप्ता, व्याज, रजिस्टर यातलं काही नाही. आज मोबाईलवरच्या त्या पिवळ्या तोंडांबद्दल बोलू या. हसू नका हं. मागच्या दोन-तीन बैठकांमध्ये घरातल्या भांडणांचे जे विषय निघाले, त्यातल्या बऱ्याच भांडणांची सुरुवात अशा एखाद्या चित्रापासून झाली होती, हे तुम्हीच मला सांगितलंत.

आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी लांब आहे. डहाणू-तलासरीकडचे पुरुष ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सातपाटीची बोट निघाली की तीही काही दिवस परत येत नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. जव्हार-मोखाड्याची पोरं बोईसरला खोली करून तारापूर एमआयडीसीत पाळ्या करतात. आणि बोईसरच्या चाळीत ज्या ताई बिहार, यूपी, ओडिशातून येऊन राहिल्यात, त्यांची तर आई, बहीण, सगळं माहेरच फोनमध्ये आहे.

आता बघा, आपल्या घरांत प्रेम तोंडाने बोलायची पद्धत नाही. "जेवलीस का?" हेच आपलं प्रेम. "चप्पल घालून जा, काटा लागेल" हे प्रेम. माणूस समोर असताना हे पुरतं, कारण बाकीचं डोळे सांगतात, हात सांगतो. फोनवर डोळे नाहीत. आणि फोन लावला तरी बोलायचं कसं? तिकडे बोटीवर बाकीचे खलाशी शेजारी बसलेले, इकडे एकाच खोलीत सासूबाई, दीर, मुलं. "आठवण येते" हे दोन शब्द सगळ्यांसमोर कोण बोलणार? मग माणूस गुपचूप एक लाल बदाम ❤️ पाठवतो. आवाज होत नाही, कोणाला ऐकू जात नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. इमोजी आपल्याकडे इतके चालतात त्याचं माझ्या मते हेच कारण आहे. शिकलेल्यांची फॅशन म्हणून ते आलेले नाहीत. न बोलता सांगायची सवय आपल्याला आधीपासून होती.

गिरणीच्या काळात मुंबईहून गावाला मनिऑर्डर यायची. त्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पैसे तर महत्त्वाचेच, पण घरातली बाई त्या दोन ओळी पोस्टमनकडून वाचून घ्यायची. हे तसंच आहे.

इमोजी हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली जपानच्या डोकोमो या फोन कंपनीत शिगेताका कुरिता नावाच्या तरुणाने १७६ छोटी चित्रं तयार केली, आणि आजच्या चित्रांची रीत बरीचशी तिथून पुढे आली. त्याआधी तिथली तरुण मुलं पेजर वापरायची आणि त्यावर बदामाचं एक चिन्ह होतं. कंपनीने नव्या पेजरमधून ते काढून टाकलं, तर मुलं नाराज होऊन दुसऱ्या कंपनीकडे गेली. एक बदाम नाही म्हणून गिऱ्हाईक गेलं! तेव्हा ही गरज फक्त आपल्याच भागाची नाही.

आता मुद्द्यावर येते. लॉरेन गॉन आणि ग्रेचेन मॅककलक या दोन भाषातज्ज्ञ बायकांनी असं मांडलं आहे की इमोजी हे शब्दांसारखं काम करत नाहीत, ते हातवाऱ्यांसारखं काम करतात. मला हे फार पटतं. "ये इकडे" हे शब्द हसत हात हलवून म्हटले तर लाड, आणि बोट रोखून म्हटले तर दम. शब्द तेच, हाताने अर्थ फिरवला. इमोजी म्हणजे तो हात. आता नुसता हात कोणी दाखवला आणि तोंडाने काहीच बोललं नाही, तर समोरच्याने काय समजायचं? सगळा घोटाळा इथेच होतो. बातमी सांगायचं काम आपण चित्रावर टाकतो, आणि चित्राला ते जमत नाही.

आपल्याच एका ताईचं सांगते. तिला विचारून सांगते आहे, नाव-गाव घेत नाही. तिचा नवरा ओख्याच्या बोटीवर आहे. हंगामाच्या सुरुवातीला उचल घेऊन गेला, पुढचे पैसे शेठ पाठवणार होता. गटाचा हप्ता १० तारखेला. ५ तारखेपर्यंत पैसे आले नाहीत. तिने लिहिलं, "पैसे नाय आले. बघ आता 🙏". ती विनवणी करत होती. पण आपल्या भाषेत हात जोडण्याचे अर्थ किती आहेत बघा. नमस्कारालाही हात जोडतो, मागणं मागायलाही जोडतो, आणि एखाद्याला कंटाळलो की "तुला कोपरापासून हात जोडले बाबा" असंही म्हणतो. नवऱ्याने हा शेवटचा अर्थ घेतला. बोटीवर बर्फ आणि डिझेल भरायची घाई चाललेली. त्याने शेठला पैशाचं सांगितलं, आणि हिला नुसता अंगठा पाठवला 👍. त्याच्या मनात होतं, "समजलं, सांगितलंय". हिने वाचलं, "बरं, तुझं तू बघ". बोट निघाली.

किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज संपते. फेरी पंधरा-वीस दिवसांची. हिने तिसऱ्या दिवशी रागाचं लाल तोंड 😡 पाठवलं, नुसतं तोंड, शब्द एकही नाही. पाचव्या दिवशी "पोराला ताप हाय 😪". सहाव्या दिवशी काहीच नाही, कारण ती दवाखान्यात होती. सातव्या दिवशी मूल बरं झालं, पण ते कळवायचं राहून गेलं. नवव्या दिवशी ❤️. सगळ्यांवर एकच टिक. तिला वाटलं, हा मुद्दाम बघत नाही.

सोळाव्या दिवशी बोट परत रेंजमध्ये आली आणि सगळे मेसेज एकदम पडले. नवऱ्याने उघडलं तर पहिलं 😡, खाली "पोराला ताप". तारीख वर बारीक अक्षरात असते, ती कोण बघतो? त्याने घाबरून फोन लावला. मूल अंगणात खेळत होतं. मग "ताप आहे असं खोटं का लिहिलंस" इथून सुरुवात झाली आणि "तू अंगठा का दाखवलास" इथपर्यंत गेली. पैसे मधल्या काळात येऊनही गेले होते! दोघांत वाईट कोणीच नाही, सांगा बरं चूक कोणाची?

मी त्या ताईबरोबर बसून तिचे मेसेज एकेक करून परत लिहिले. तेच तुम्हाला सांगते.

पहिलं म्हणजे टिक समजून घ्या. एक टिक म्हणजे तुमचा मेसेज तुमच्याकडून निघाला, पण त्याच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. त्याचा फोन बंद असेल, रेंज नसेल, रिचार्ज संपला असेल. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन टिक म्हणजे फोनवर पोचला. निळ्या झाल्या म्हणजे उघडला. पण काही जण निळ्या टिकची सोय बंद ठेवतात, म्हणून निळी झाली नाही यावरूनही भांडू नका. न पोचलेला मेसेज व्हॉट्सअॅप तीस दिवसांपर्यंत सांभाळून ठेवतं, त्यानंतर तो जातो. आपल्या बोटीच्या फेरीला तेवढे दिवस पुरतात.

दुसरं, बातमी शब्दांत आणि माया चित्रात. तिचा पहिला मेसेज आम्ही असा केला : "आज ५ तारीख. पैसे अजून आले नाय. गटाचा हप्ता १० ला हाय. तुझ्यावर राग नाय, शेठला आठवण कर. टायमावर जेव ❤️". बघा, यात काय हवं, कधीपर्यंत हवं, राग आहे का नाही, हे सगळं शब्दांत आलं. तारीख पहिल्यांदाच लिहिली, म्हणजे पंधरा दिवसांनी वाचला तरी जुना आहे हे कळेल. शेवटचा बदाम फक्त आवाज मऊ करतो. तो काढला तरी मेसेज उभा राहतो. पाठवायच्या आधी मनात तेवढंच करून बघायचं : चित्र झाकलं तर मेसेज कळतो का? नाही कळला तर शब्द कमी पडलेत.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हेच माइकचं बटण दाबून बोलून पाठवायचं, आणि मागे बदाम लावायचा. फक्त लक्षात ठेवा, बोटीवर तो आवाज चारचौघांत मोठ्याने वाजू शकतो. खासगी असेल ते त्यात बोलू नका.

तिसरं रागाचं. राग येऊ नये असं मी म्हणत नाही. पण समुद्रावर गेलेल्या माणसाला नुसतं लाल तोंड पाठवू नका. समोर असतो तेव्हा आपला राग संध्याकाळपर्यंत उतरतो आणि तो उतरलेला त्याला दिसतो. फोनवरचं लाल तोंड मात्र पंधरा दिवस तसंच तापलेलं राहतं. आपण विसरलेलो असतो आणि तो तेव्हा वाचतो. रागाची गोष्ट असेल तर बोट बंदराला लागल्यावर बोलून करा. पाठवलंच असेल आणि अजून एक टिकच असेल, तर त्या मेसेजवर बोट दाबून धरा, काढायचं चिन्ह येईल, त्यात Delete for everyone निवडा. साधारण दोन दिवसांच्या आत हे करता येतं, नंतर नाही. तिथे मेसेज काढल्याची खूण त्याला दिसू शकते, पण लाल तोंडापेक्षा ती बरी.

चौथं आजारपणाचं. मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. अर्धी बातमी लांबच्या माणसाला फार छळते. "ताप हाय" लिहिलं तर ताप उतरल्यावर तेही लिहायचं. त्याच जुन्या मेसेजला उजवीकडे सरकवलं की त्याला जोडून उत्तर लिहिता येतं : "हे ११ तारखेचं. आता बरा हाय, खेळतो". आणि बोट परत यायची वेळ झाली की सगळ्यात शेवटी एक ओळ टाकून ठेवा, "घरी सगळे ठीक, वरचं जुनं हाय ❤️". का? तर फोन उघडल्यावर नावांच्या यादीत शेवटच्या मेसेजची सुरुवात बाहेरूनच दिसते. ताप आणि लाल तोंड बघण्याआधी त्याच्या डोळ्यांत "घरी सगळे ठीक" पडेल.

आणि त्याच्याकडून काय हवं? नुसता अंगठा नको, हे त्यालाही सांगा. पुरुषांना अंगठा म्हणजे काम झालं असं वाटतं. बायकोला तो दार लावल्यासारखा वाटतो. "सांगितलं शेठला 👍" एवढे दोन शब्द जोडले की तोच अंगठा धीर देतो. त्याला लिहायचा कंटाळा असेल तर दुसरी सोय आहे. तुमच्या ज्या मेसेजला उत्तर द्यायचं, त्यावर त्याने बोट दाबून धरायचं, वर छोटी चित्रं येतात, त्यातलं एक दाबायचं. मग ते चित्र त्या मेसेजलाच चिकटतं. दहा मेसेजांपैकी बदाम कशाला आणि अंगठा कशाला, हे तुम्हाला नेमकं कळतं. बोटीवरच्या माणसाला हे फार सोयीचं आहे, रेंज पाच मिनिटं आली तरी होतं.

अंगठ्यावरून एक आठवलं, जरा बाजूला जाते. कॅनडात एका धान्य कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो पाठवला, शेतकऱ्याने फोनवर 👍 पाठवला. पुढे माल दिला नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे फोटो मिळाला एवढंच. २०२३ साली तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की हा होकारच झाला, आणि त्याला ८२ हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे ते लागू आहे असं नाही. पण गटाच्या ग्रुपवर कोणी "कर्जाला जामीन राहणार का?" विचारलं, तर वाचल्याची खूण म्हणून अंगठा टाकू नका. "वाचलं, बैठकीत बोलते" असं लिहा.

आता 😪 या तोंडाबद्दल. आपल्या ताईने तापाच्या मेसेजला हेच लावलं होतं. तुमच्यातल्या निम्म्या जणी ते रडण्यासाठी वापरता, मी ग्रुपवर बघते. नीट बघा, तो थेंब नाकाजवळ आहे. हे झोपलेलं तोंड आहे. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी असा फुगा काढतात. रडणारं तोंड हे 😢, एक थेंब डोळ्यातून. आणि त्याहून मोठा घोळ 😂 आणि 😭 यांचा. दोन्हींना पाणी आहे. पहिलं हसून हसून पाणी आलेलं, दुसरं धाय मोकलून रडणारं. एका मयताच्या बातमीखाली ओळीने चार हसरी तोंडं मी स्वतः पाहिली आहेत. टाकणाऱ्या चौघी खरंच हळहळल्या होत्या, पण त्या घरच्यांना काय वाटलं असेल? ओळखायची सोपी रीत म्हणजे पाण्याकडे बघायचंच नाही, तोंडाकडे बघायचं. तोंडाचे कोपरे वर आणि दात दिसतात म्हणजे हसणं. पाण्याच्या दोन धारा सरळ गालावरून खाली म्हणजे रडणं. बारीक दिसत असेल तर ते एकटंच चित्र आधी स्वतःच्या नंबरवर किंवा मुलीला पाठवा. एकटं पाठवलं की मोठं दिसतं. दुःखाच्या बातमीला खरं तर चित्राची गरजच नाही. "ऐकून वाईट वाटलं, संध्याकाळी येते" हे पुरे, हवं तर 🙏.

मघाशी बदामाचं म्हटलं, त्यावर एक काळजीचं सांगते. नवऱ्याचा ❤️ चुकून गटाच्या ग्रुपवर पडला तर हशा होतो आणि विषय संपतो. पण बँकेच्या माणसाला, दुकानदाराला, मुकादमाला सवयीने बदाम किंवा 😘 गेला, तर घरात संशय येतो आणि त्याचा त्रास बाईलाच होतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. बदामामुळे कोणी वाईट होत नाही. पण तोवर कामाच्या माणसांना 🙏 आणि शब्द, घरच्यांना बदाम, असं वेगळं ठेवलेलं बरं. कोणी कामाचा माणूस तुम्हाला रोज गुलाब, बदाम पाठवत असेल आणि नको वाटत असेल, तर उत्तराला काहीच चित्र देऊ नका आणि गटात सांगा.

आता एक चांगली गोष्ट. विक्रमगडकडच्या एका मावशींना वाचता येत नाही. मुलगा तारापूरला केमिकल कंपनीत आहे, आठवड्यागणिक पाळी बदलते. मावशी रात्रपाळीच्या आठवड्यात झोपायच्याच नाहीत. तिकडे आग लागल्याच्या, स्फोट झाल्याच्या बातम्या आपण सगळ्याच ऐकतो. फोन करावा तर तो ड्युटीवर, फोन गेटवर ठेवलेला. मग दोघांनी ठरवून घेतलं. पाळीला शिरताना तो 🏭 पाठवतो. बाहेर पडला की ☀️, मग सकाळ असो की रात्र. जेवला की 🍚. मावशी उत्तराला एकच 🐔 पाठवतात, कारण त्यांच्याकडे कोंबड्या आहेत आणि तो कोंबडा त्यांना यादीत पटकन सापडतो. कोंबडा म्हणजे "बघितलं, घरी ठीक". दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्याला काही कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

इथे नुसतं चित्र चाललं, कारण अर्थ आधी तोंडाने ठरला होता. आणि त्यांनी अजून एक गोष्ट ठरवली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. ☀️ आलं नाही तर काय समजायचं? त्यांनी ठरवलं, पाळी सुटून दोन तास थांबायचं, कारण कधी ओव्हरटाइम लागतो, कधी चार्जिंग संपतं. दोन तासांनी फोन लावायचा. नाही लागला तर त्याच्या खोलीतल्या मित्राला. त्याचा नंबर मावशींच्या फोनमध्ये त्याच्या फोटोसकट ठेवलाय. हे ठरवलं नसतं तर चुकलेलं एक ☀️ मावशींना आणखीच जड गेलं असतं. खूण ठरवाल तेव्हा खूण न येण्याचा अर्थही ठरवा.

अशी चार चित्रं पुरतात. पन्नास ठरवाल तर कोणाच्या लक्षात राहणार नाहीत. आणि नवी नवी चित्रं घेऊ नका, जुन्या फोनवर त्यांच्या जागी नुसता चौकोन दिसतो. चौकोन दिसला की तिकडच्याला वाटतं, हिने काहीतरी पाठवलं आणि मला कळत नाही.

मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. तेव्हा ओख्याहून माणसं घरी येतील. समोरासमोर बसून हे ठरवायला तेच दिवस बरे, कारण नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटी परत निघतात. तोवर ज्यांची माणसं बोईसरला किंवा भट्टीवर आहेत, त्या ताईंनी पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. हप्ते जमा झाले की अर्धा तास बसू. ज्यांना 😂 आणि 😭 अजून सारखेच दिसतात त्यांनी पुढे बसा, चष्मा असेल तर घेऊन या.